कोपऱ्यातला किल्ला: एक उंट आणि एक प्यादं जास्त, तरी डाव बरोबरीत का?

पटावर चारच मोहरी उरली आहेत. एका बाजूला राजा, उंट आणि h पट्टीतलं प्यादं. दुसऱ्या बाजूला एकटा राजा. शाळेत शिकवलेला हिशोब लावला तर उंटाचे तीन, प्याद्याचा एक, म्हणजे चार गुणांची आघाडी. समोर उलट मारायला एक प्यादंसुद्धा नाही. प्यादं पुढे ढकलायचं, वजीर करायचा, मात द्यायची. तरीही एका विशिष्ट परिस्थितीत हा डाव जगज्जेत्यालाही जिंकता येत नाही, आणि ती परिस्थिती मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: प्यादं ज्या कोपऱ्यात जाऊन वजीर होणार, त्या कोपऱ्याच्या घराचा रंग उंटाच्या घरांच्या रंगाशी जुळतो का?

जुळत नसेल आणि एकटा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला असेल, तर डाव बरोबरीत. मग हल्ला करणाऱ्याने पन्नास चाली खेळाव्यात नाहीतर पाचशे. बुद्धिबळात अशा अभेद्य बचावाला किल्ला म्हणतात. किल्ल्यांचे प्रकार पुष्कळ आहेत, पण इतका छोटा, इतका पक्का आणि प्रत्यक्ष खेळात इतक्या वेळा उपयोगी पडणारा दुसरा क्वचितच सापडेल.

आधी रंगांचं बघू, कारण ऐन वेळी गोंधळ तिथेच होतो. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताशी पांढरं घर येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावरून बाकीचं आपोआप निघतं. तुमच्या समोरच्या टोकाला, म्हणजे जिथे तुमची प्यादी वजीर होतात तिथे, डावा कोपरा पांढरा आणि उजवा कोपरा काळा असतो. तुम्ही पांढरी मोहरी घेऊन बसला असाल तर डावा कोपरा म्हणजे a8 आणि उजवा h8. काळी घेऊन बसला असाल तर डावा h1 आणि उजवा a1. दोन्ही बाजूंना नियम तोच: समोरचा डावा कोपरा पांढरा, उजवा काळा. म्हणून डाव्या कडेच्या प्याद्याला पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट लागतो आणि उजव्या कडेच्या प्याद्याला काळ्या घरांवरून फिरणारा. याच्या उलट असेल तर तो 'चुकीच्या रंगाचा उंट'. बिचाऱ्या उंटाची त्यात काही चूक नसते, पण खेळाडू त्याला हेच म्हणतात.

या लेखात सगळीकडे पांढरी बाजू हल्ला करते आहे आणि प्यादं h पट्टीत आहे असं धरू. म्हणजे वजीर होण्याचं घर h8, आणि ते काळं. पट जवळ असेल तर मांडून बघा. नुसतं वाचून हे कळतं, पण हातात बसत नाही.

आधी योग्य रंगाचा उंट असेल तर काय होतं ते पाहू, म्हणजे चुकीच्या उंटाचं नेमकं कुठे अडतं ते दिसेल. पांढरा राजा g6 वर, प्यादं h6 वर, आणि उंट काळ्या घरांवरचा, समजा d6 वर. काळा राजा h8 वर. चाल पांढऱ्याची. उंट e7 वर आणायचा. आता काळ्याला एकच चाल आहे, राजा g8 वर, कारण g7 आणि h7 ही दोन्ही घरं पांढऱ्या राजाने धरून ठेवली आहेत. मग प्यादं h7 वर, शह. काळा राजा परत h8 वर, कारण f8 वर उंटाची नजर आहे आणि f7 वर पांढऱ्या राजाची. आता उंट f6 वर येतो आणि मात होते. उंटाचा शह थेट कोपऱ्यातल्या घरावर बसतो, आणि पळायला जागा उरत नाही.

आता त्याच मांडणीत फक्त उंट बदलू. राजा g6 वर, प्यादं h6 वर, काळा राजा h8 वर, पण उंट पांढऱ्या घरांवरचा, समजा d3 वर. चाल पांढऱ्याचीच. तो काय करू शकतो? उंट c4 वर नेला तर g8 हे घर बंद होतं. g7 आणि h7 राजाने आधीच बंद केली आहेत. काळ्या राजाला हलायला एकही घर नाही. पण त्याला शहही नाही. राजाला शह नसताना ज्याची पाळी आहे त्याच्याकडे एकही नियमात बसणारी चाल नसेल तर तो स्टेलमेट, आणि स्टेलमेट म्हणजे बरोबरी. बरं, उंट c4 वर न नेता प्यादंच h7 वर ढकललं तर? प्याद्याने g8 धरलं, राजाने g7 आणि h7. पुन्हा स्टेलमेट. मग उंटाने दुसरीकडेच कुठेतरी वाट बघावी? तसं केलं तर काळा राजा g8 वर जातो. उंटाने c4 वरून शह दिला की तो परत h8 वर येतो, आणि पुन्हा पांढऱ्याचीच पाळी, पुन्हा तोच प्रश्न.

पांढरा राजा थोडा मागे किंवा बाजूला घेऊन बघावं असं मनात येतं. समजा तो g6 वरून f7 वर गेला आणि उंट c4 वरच आहे. आता काळ्याला h7 मोकळं झालं, राजा तिथे येतो. उंटाने d3 वरून शह दिला तर तो h8 वर परत जाऊ शकतो किंवा सरळ h6 वरचं प्यादंच मारून टाकतो, कारण पांढऱ्या राजाने त्या प्याद्याची पाठ सोडलेली असते. म्हणजे जवळ गेलं तर स्टेलमेट, लांब गेलं तर प्यादं जातं. मधला रस्ता नाही.

याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. काळ्या राजाला कोपऱ्यातून उठवायचं असेल तर h8 या घरावर हल्ला झाला पाहिजे. h8 वर शह कोण देऊ शकतं? पांढरा राजा नाही, राजा राजाला शह देत नाही. प्यादं g7 वर असतं तर देऊ शकलं असतं, पण ते h पट्टीत आहे आणि प्यादी तिरकी मारतात, म्हणून समोरच्या राजाला ते काहीच करू शकत नाही. उरला उंट, आणि तो जन्मभर पांढऱ्या घरांवरूनच फिरणार. तीन मोहऱ्यांपैकी एकही त्या घराला हात लावू शकत नाही. बाकी सगळी घरं काढून घेता येतात, पण शेवटचं घर काढून घेता येत नाही, आणि बाकी सगळी काढून घेतली की उलट स्टेलमेटच होतो. पांढऱ्याची ताकद जितकी जवळ येते तितकी काळ्याची सुटका पक्की होते.

याच कारणाने एकाऐवजी दोन किंवा तीन प्यादी असली तरी फरक पडत नाही, जर ती सगळी h पट्टीतच एकामागे एक असतील. मागची प्यादी पुढच्याला आधार देतात एवढंच. h8 वर शह ती देऊ शकत नाहीत आणि स्टेलमेटही टाळू शकत नाहीत. पटावर चार गुणांऐवजी सहा गुणांची आघाडी दिसेल, निकाल तोच.

मग कोपराच का? वजीर होण्याचं घर उंटाच्या रंगाचं नसणं, एवढंच कारण असतं तर g पट्टीतल्या प्याद्यालाही हाच त्रास झाला असता. g8 पांढरं आहे, समजा उंट काळ्या घरांवरचा आहे. रंग जुळत नाही. तरी हा डाव साधारणपणे जिंकता येतो. कसं ते पाहू. पांढरा राजा h6 वर, प्यादं g6 वर, उंट कुठेतरी लांब, काळा राजा g8 वर. पांढरा उंट e5 वर आणतो. त्या उंटाची नजर f6, g7 ओलांडून थेट h8 पर्यंत जाते. आता g8 वरच्या राजाला h8 बंद, g7 बंद, h7 आणि f7 ही बंद. उरलं फक्त f8. तो तिथे गेला की पांढरा राजा h7 वर पाऊल टाकतो आणि g8 हे घर ताब्यात घेतो. पुढे प्यादं g7, मग g8 वर वजीर. काळ्या राजाने मधल्या काळात e6 वर येऊन उंटावर डोळा ठेवला तरी उपयोग नाही, कारण g8 वर वजीर होताना त्यालाच शह बसतो.

बघा, इथे उंटाने वजीर होण्याच्या घराला हातही लावला नाही. त्याने शेजारचं कोपऱ्याचं घर बंद केलं, त्यामुळे काळ्या राजाला दुसऱ्या बाजूला सरकावं लागलं, आणि मोकळ्या झालेल्या बाजूने पांढरा राजा आत घुसला. प्याद्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्या असल्यामुळे हे शक्य झालं. काळा राजा एकीकडे गेला की पांढरा दुसरीकडून येतो. h पट्टीच्या पलीकडे मात्र पट संपतो. काळ्या राजाला त्या बाजूला ढकलायला जागा नाही आणि पांढऱ्या राजाला त्या बाजूने यायला वाट नाही. कोपऱ्यातल्या राजाला फक्त तीन शेजारघरं असतात, म्हणून त्याची सगळी वाट बंद करणं फार सोपं असतं, आणि इथे तेच पांढऱ्याच्या मुळावर येतं. आपण एरवी म्हणतो की राजाला कोपऱ्यात कोंडला की डाव जिंकलाच. इथे कोंडणं सोपं आणि मारणं अशक्य, म्हणून कोंडणाराच फसतो.

आता खरी लढाई. किल्ल्यात पोहोचलेला राजा सुरक्षित आहे हे दोन्ही खेळाडूंना कळलं, की सगळा झगडा एकाच प्रश्नावर येतो: तो पोहोचणार का? इथे चुकीच्या रंगाचा उंट अचानक कामाचा होतो. तो कोपऱ्याला हात लावू शकत नाही, पण कोपऱ्याच्या वाटेवरच्या g8 या घराला लावू शकतो, कारण g8 पांढरं आहे.

ही मांडणी घ्या. पांढरा राजा f6 वर, प्यादं h5 वर, पांढऱ्या घरांवरचा उंट d3 वर. काळा राजा f8 वर. कोपऱ्यापासून तो दोन घरं लांब. इथे कोणाची पाळी आहे यावर सगळं ठरतं.

समजा चाल काळ्याची आहे. तो राजा g8 वर आणतो आणि विषय संपतो. पांढऱ्याने c4 वरून शह दिला तर राजा h8 वर. पांढरा राजा g6 वर आला तर तिथल्या तिथे स्टेलमेट. शह न देता प्यादं h6 वर ढकललं तर राजा पुन्हा h8 वर. पुढे प्यादं h7 वर गेलं तर त्याला d3 वरच्या उंटाचा आधार आहे, राजा ते मारू शकत नाही. पण g8 प्याद्याने धरलं, g7 पांढऱ्या राजाने, h7 वर स्वतः प्यादं. शह नाही, चाल नाही. पुन्हा स्टेलमेट.

आता त्याच मांडणीत चाल पांढऱ्याची आहे असं धरा. तो उंट c4 वर नेतो. एवढंच. g8 बंद झालं, आणि g7 पांढऱ्या राजाने धरलेलं आहेच. कोपऱ्याकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा बंद. काळ्याला e8 वर सरकण्याशिवाय पर्याय नाही, कारण e7 आणि f7 सुद्धा पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहेत. मग प्यादं h6 वर. काळा राजा परत f8 वर येऊन बघतो, पण वाट अजूनही बंदच आहे. प्यादं h7 वर, राजा पुन्हा e8 वर, प्यादं h8 वर वजीर होतं. उंट c4 ऐवजी e6 वर असता तर तिथल्या तिथे मातही झाली असती, कारण मग d7 हे घरही बंद झालं असतं. c4 वर असताना काळा राजा d7 वर निसटतो, पण वजीर झाल्यावर पुढचं काम अवघड नाही.

एका चालीचा फरक. सगळी मोहरी त्याच घरांवर, फक्त पाळी बदलली की बरोबरीचा डाव हरतो किंवा हरलेला डाव वाचतो. म्हणून 'चुकीचा उंट आहे, म्हणजे बरोबरीच' असं मनात धरून निवांत बसणं धोक्याचं. बचाव करणाऱ्याने मोजायचं ते एवढंच: माझा राजा g7, g8, h7, h8 या चार घरांपैकी एखाद्यावर वेळेत पोहोचतो का? एकदा त्या चौकोनात शिरला आणि प्याद्याच्या पुढे राहिला की उठवला जात नाही. हल्ला करणाऱ्याने उलट मोजायचं: माझा राजा आणि उंट मिळून त्याला त्या चौकोनाबाहेर अडवू शकतात का? अडवण्याचं हे काम जवळजवळ नेहमी प्यादं ढकलण्याआधी करावं लागतं. प्यादं लवकर पुढे नेण्याची घाई इथे सगळ्यात महाग पडते. ते काही पळून जात नाही.

हे मोजणं किती अवघड असू शकतं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 1971 सालचं आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जगज्जेतेपदाच्या आव्हानवीर फेरीत बॉबी फिशर आणि सोव्हिएत ग्रँडमास्टर मार्क तैमानोव यांचा सामना झाला. तैमानोव हे नावाजलेले पियानोवादकही होते. सामन्याच्या दुसऱ्या डावात फिशर यांच्याकडे पांढरी मोहरी होती, आणि 81 व्या चालीपर्यंत त्यांच्याकडे पांढऱ्या घरांवरचा उंट आणि h पट्टीतलं प्यादं उरलं होतं. तैमानोव यांच्याकडे घोडा. h8 काळं, उंट पांढऱ्या घरांवरचा. चुकीचा उंट, अगदी आपण पाहिला तसाच.

तैमानोव यांनी राजा e4 वर नेला, म्हणजे कोपऱ्यापासून आणखी लांब. घोडा सांभाळत लढू, असा विचार असावा. फिशर यांनी उंट c8 वर नेला आणि प्यादं चालायला लागलं. काळा राजा f4 वर, म्हणजे प्याद्याच्या मागच्या अंगाला राहिला, आणि एकटा घोडा समोरून अडवत बसला. घोडा f3 वर, g5 वर, पुन्हा f3 वर असा नाचत राहिला, आणि प्यादं h4, h5, h6, h7 असं पुढे सरकत गेलं. 89 व्या चालीला पांढऱ्या राजाने f6 वर पाऊल टाकलं आणि तैमानोव यांनी डाव सोडला.

वाचवायचा मार्ग होता, आणि तो घोडा सांभाळण्यात नव्हता, घोडा देऊन टाकण्यात होता. राजा e4 वर नेण्याऐवजी घोडा d3 वर न्यायचा. पांढरं प्यादं h4 वर आलं की घोडा f4 वर. तिथून तो h5 या घरावर लक्ष ठेवतो, त्यामुळे प्यादं सहज पुढे जात नाही. पांढरा राजा घोडा हुसकावायला f5 वर येतो. आता घोडा वाचवायचाच नाही! काळा राजा d6 वर जातो, कोपऱ्याच्या दिशेने. पांढऱ्याने प्यादं h5 वर ढकललं तर घोडा ते मारतो आणि पांढऱ्याकडे नुसता उंट उरतो, ज्याने मात होत नाही. पांढऱ्या राजाने घोडा मारला तर काळा राजा e7 वर येतो, आणि तिथून f7, g7 करत कोपऱ्याच्या चौकोनात शिरतो. घोडा गेला, उंट आणि प्यादं दोन्ही शाबूत, आणि डाव बरोबरीत.

हे घरी बसून, निवांत पटावर मांडून बघताना सोपं दिसतं. पण अखेरचा एकुलता एक घोडा फुकट द्यायचा आणि तो दिला म्हणून डाव वाचतो, ही चाल सहजी सुचत नाही. आपल्याला लहानपणापासून मोहरं वाचवायला शिकवलेलं असतं. तैमानोव यांनी हा सामना 6-0 असा गमावला आणि मायदेशी परतल्यावर त्यांच्यावर कारवाईही झाली. हा एक डाव बरोबरीत सुटला असता तर पुढे काय झालं असतं हे सांगता येणार नाही, पण कोरी पाटी मात्र नक्की टळली असती.

चुकीच्या उंटाचा खरा उपयोग असा आधीच होतो. चार मोहऱ्यांच्या शेवटापर्यंत डाव येण्याची वाट बघायची नसते. पाच-सहा मोहरी असतानाच बचाव करणारा बघतो की समोरच्याकडे कोणता उंट आहे आणि कडेचं प्यादं कोणत्या बाजूला. मग तो बाकीची प्यादी बदलून टाकायला लागतो. समोरच्याकडे g आणि h अशी दोन प्यादी असतील तर g पट्टीतलं काहीही करून उडवायचं, गरज पडली तर त्यासाठी घोडा किंवा उंट देऊन. ही युक्ती नवी नाही. सतराव्या शतकातल्या इटालियन खेळाडू ग्रेको यांच्या उदाहरणांत ती सापडते: काळी बाजू आपला उंट h3 वर सरळ देऊन टाकते, म्हणजे पांढऱ्या g प्याद्याने तो मारला की तेही h पट्टीत जातं. समोर दोन प्यादी आणि उंट, पण दोन्ही प्यादी एकाच कडेच्या पट्टीत. आणि उंट चुकीचा.

हल्ला करणाऱ्याने यातून उलटा धडा घ्यायचा. चुकीचा उंट आपल्याकडे असेल तर कडेपासून दूरचं एखादं प्यादं जिवापाड जपायचं, आणि g प्याद्याने h पट्टीत काही मारण्याआधी दोनदा बघायचं. मारायला मोहरं मिळतंय म्हणून मारलं आणि डाव हातचा गेला, असं होऊ शकतं. उलट h प्याद्याने g पट्टीत मारायची संधी मिळाली तर ती बहुतेक वेळा सोनं असते. समजा काळ्याकडे g6 वर एक प्यादं शिल्लक आहे आणि पांढऱ्या h5 वरच्या प्याद्याने ते मारलं. प्यादं आता g पट्टीत आलं, वजीर होण्याचं घर g8 झालं, आणि g8 पांढरं. कालपर्यंत चुकीचा असलेला उंट एका चालीत योग्य झाला. म्हणूनच कोपऱ्यात किल्ला करून बसलेल्याला आपलं उरलेलं प्यादं कधीकधी ओझं ठरतं. एकटा राजा जास्त सुरक्षित असतो.

संगणकावर खेळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या मांडण्यांचे अचूक निकाल टेबलबेस नावाच्या कोष्टकांत साठवलेले आहेत, त्यांना विचारलं तर ते या मांडणीला ताबडतोब बरोबरी म्हणतात. पण नुसतं गुण मोजून अंदाज देणारा साधा प्रोग्रॅम इथे खुशाल पांढरा तीन-चार गुणांनी पुढे असल्याचं दाखवतो. डाव तपासताना बाजूचा आकडा मोठा दिसला म्हणून 'मी हरलेलाच होतो' असं समजू नका, कोपऱ्याचा रंग बघा.

प्रत्यक्ष स्पर्धेत बरोबरी पदरात कशी पाडायची हाही प्रश्न उरतोच, कारण समोरचा लगेच हात पुढे करेल असं नाही. दोन्ही बाजूंनी सलग 50 चाली प्यादं न हलवता आणि काही न मारता झाल्या तर बरोबरीचा दावा करता येतो. तीच मांडणी तीनदा आली तरीही करता येतो. दावा कोणीच केला नाही तर 75 चालींनंतर पंच स्वतः बरोबरी जाहीर करतात. प्यादं एक घर पुढे सरकलं की चालींची मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणून काही खेळाडू मुद्दाम अधूनमधून प्यादं ढकलत राहतात.

आणि घड्याळाकडे लक्ष हवं. बचाव करणाऱ्याची वेळ संपली तर मांडणी कितीही बरोबरीची असो, तो हरतो. नियम असा आहे की समोरच्याला कोणत्याही नियमात बसणाऱ्या चालींनी, अगदी बचाव करणाऱ्याने मूर्खासारख्या चाली केल्या तरी, मात देता येण्याची शक्यता असेल तर वेळ संपल्यावर डाव त्याचा. प्यादं पटावर आहे तोवर ही शक्यता कागदावर असतेच. म्हणून घड्याळात प्रत्येक चालीला जास्तीचे सेकंद मिळत नसतील तर h8 आणि g8 मध्ये फिरताना विचार करत बसायचं नाही. विचार फक्त दोन गोष्टींचा: शह आला का, आणि कोपरा मोकळा आहे का.